गप्प राहण्याची मुभा

वीस-पंचवीस वर्षांनी कुणाला निरोप पाठवायचा झाला की बोटांवर आधी एकच वाक्य येतं, ‘ओळखलंस का?’ बाजारात समोरासमोर गाठ पडली तर या वाक्यात काही वावगं नाही. तिथे चेहरा असतो, आवाज असतो, आणि नाहीच ओळखलं तर हसून वेळ निभावून नेता येते. फोनवर मात्र त्याच वाक्याचा परीक्षेतला प्रश्न होतो. नंबर अनोळखी, डीपीतला माणूस पिकल्या केसांचा, आणि उत्तर तर द्यायचं आहे. नाही ओळखलं म्हणावं तर समोरचा दुखावणार, ओळखलं म्हणावं तर पुढचं बोलणं गळ्यात येणार. कॉलेजात मनातल्या मनात आवडलेल्या व्यक्तीला हे वाक्य लिहिलं जातं तेव्हा तर त्यात आणखी एक प्रश्न दडलेला असतो: तुझ्या आठवणीत माझी काही जागा होती का? लिहिणाऱ्याला तो दिसत नाही, वाचणाऱ्याला लगेच ऐकू येतो. अशा निरोपाबद्दल दोन सल्ले नेहमी मिळतात. एक म्हणजे ‘बिनधास्त पाठव’, दुसरा म्हणजे ‘कशाला जुनं उकरतोस’. मला दोन्ही अपुरे वाटतात, कारण संपर्क करावा की नाही एवढाच प्रश्न ते विचारात घेतात. विचित्रपणा येतो तो संपर्कातून येत नाही. निरोप समोरच्याकडे काय मागतो, त्यातून तो येतो. जो निरोप काहीच मागत नाही, ज्याला उत्तर न देणं हेही पुरेसं उत्तर ठरू शकतं, तो पंचवीस वर्षांनी आला तरी आगाऊ वाटत नाही.

हे नुसतं मत नाही, त्यामागे बऱ्यापैकी पुरावा आहे. कॅनडातल्या लारा अकनिन आणि ब्रिटनमधल्या जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञ. संपर्क तुटलेल्या मित्रमैत्रिणींना लोक निरोप का पाठवत नाहीत, हे त्यांनी सात अभ्यासांतून तपासलं आणि 2024 साली प्रसिद्ध केलं. सहभागी झालेल्या बहुतेकांच्या आयुष्यात असा एखादा दुरावलेला मित्र होता. मग ज्यांना पुन्हा बोलावंसं वाटत होतं, समोरच्याला आवडेल अशी खात्री होती आणि ज्यांच्याकडे नंबर किंवा पत्ताही होता, अशांना तिथेच बसून निरोप लिहायला वेळ दिला. तरी एक तृतीयांशाहून कमी लोकांनी तो पाठवला. जुन्या मित्राला लिहिण्याबद्दलचा त्यांचा संकोच एखाद्या परक्या माणसाशी बोलायला जाण्याइतकाच होता. याच्या दोन वर्षं आधी, 2022 मध्ये, पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी पलीकडच्या बाजूने पाहिलं. तेरा प्रयोग, सहा हजारांच्या आसपास माणसं. सहज आठवण आली म्हणून कुणी दोन ओळी लिहिल्या किंवा छोटीशी वस्तू पाठवली, तर ती मिळणाऱ्याला किती आवडेल याचा पाठवणाऱ्यांचा अंदाज सातत्याने कमी निघाला. शिवाय निरोप जितका अनपेक्षित, तितका तो मिळणाऱ्याला अधिक भावला, आणि नेमकं हेच पाठवणाऱ्यांच्या लक्षात येत नव्हतं. म्हणजे ‘इतक्या वर्षांनी लिहिलं तर काय म्हणेल’ या भीतीतला ‘इतक्या वर्षांनी’ हा भाग आपण उलटा मोजत असतो.

एवढ्यावर थांबलं तर ‘बिनधास्त पाठव’ हा सल्ला खरा ठरेल. पण त्याला लागूनच दुसरा एक शोध ठेवावा लागतो. कॉर्नेल विद्यापीठातल्या वनेसा बोन्स आणि लॉरेन डिव्हिन्सेंट यांनी एकतर्फी प्रेमाच्या मागणीचा अभ्यास केला. ज्यांनी कुणाला विचारलं होतं आणि ज्यांना कुणीतरी विचारलं होतं, अशा दोन्ही बाजूंच्या आठवणी त्यांनी शेजारी ठेवल्या. नकार देताना समोरच्या माणसाला किती अवघडल्यासारखं होतं, नकार द्यावा लागल्यामुळे त्याच्या वागण्याबोलण्यावर किती ताण येतो, हे विचारणाऱ्यांना पुरेसं कळतच नाही, असं त्यातून दिसलं. विचारणारा स्वतःच्या धाडसात इतका गुंतलेला असतो की ‘नाही म्हणायला काय, एक शब्द तर आहे’ असं त्याला मनापासून वाटतं. म्हणजे एकाच माणसाकडून दोन चुका होतात, आणि त्या त्याला परस्परविरुद्ध दिशांना ओढतात. निरोपातून मिळणारा आनंद तो कमी मोजतो, आणि मागणीतून पडणारं ओझंही कमीच मोजतो. हे दोन्ही एकत्र धरले की निरोप कसा असावा ते जवळजवळ आपोआप ठरतं. आनंदाचा भाग मोकळ्या हाताने द्यावा आणि मागणीचा भाग पूर्ण काढून टाकावा. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे. बाकी सगळं हे प्रत्यक्षात करणं कठीण का जातं, याबद्दल आहे.

कठीण जातं याचं पहिलं कारण खुद्द ‘क्रश’ या प्रकारात आहे. मैत्री दोघांनी मिळून केलेली असते, तिच्या आठवणी साधारण सारख्या वाटलेल्या असतात. मनातल्या मनात आवडणं हे एका बाजूनेच घडतं. ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर तिने एकदा मान वळवून पाहिलं, हे त्याच्या डोक्यात पंचवीस वर्षं जपलेलं असतं. तिच्या दृष्टीने ती सरळ मागून येणाऱ्या मैत्रिणीकडे पाहत होती. (मी इथे ‘तो’ आणि ‘ती’ म्हणते ते सोयीसाठी. बाईने पुरुषाला लिहिलं किंवा कुणी आपल्याच लिंगाच्या व्यक्तीला लिहिलं तरी हिशेब हाच राहतो.) म्हणून निरोपाची लांबी आणि जिव्हाळा लिहिणाऱ्याच्या आठवणीच्या मापाने ठरवून चालत नाही, वाचणाऱ्याच्या आठवणीच्या मापाने ठरवावा लागतो. पेगी लिऊंच्या प्रयोगांची मर्यादाही इथेच येते. ते ओळखीच्या माणसांमधले होते, छुप्या ओढीचे नव्हते. ज्या दोघांत कॉलेजात काही बोलणंच झालं नाही, ज्यांच्यात दोघांनाही आठवू शकेल असा एकही प्रसंग नाही, तिथे जुना संपर्क पुन्हा जोडण्याचा प्रश्नच नाही. तिथे एक परका माणूस दुसऱ्याला लिहीत असतो, आणि ज्याला लिहितोय त्याच्याबद्दल त्याला नको इतकं ठाऊक असतं. अशा वेळी न लिहिणं मला योग्य वाटतं. कॉलेजातच स्पष्ट नकार मिळाला असेल, किंवा समोरच्याने तेव्हा मुद्दाम अंतर ठेवलं असेल, तरीही तेच. काळ लोटला म्हणून नकार शिळा होत नाही.

आता एक उदाहरण घेऊ. ते कल्पनेतलं आहे, पण महाराष्ट्रातल्या कुठल्याही जिल्ह्याच्या गावी बसेल असं. सांगलीकडच्या एका कॉलेजात 2000 साली बी.एस्सी. केमिस्ट्री झालेला एक गृहस्थ. आता वय पंचेचाळीस-शेहेचाळीस, लग्न झालेलं, मुलगी यंदा बी.एस्सी.ला गेलेली. आडनावांच्या क्रमाने प्रॅक्टिकलच्या बॅचेस पडायच्या, त्यामुळे शेवटच्या वर्षी एक मुलगी त्याच्या शेजारच्या टेबलावर असायची. ती त्याला आवडायची, त्याने ते कधी सांगितलं नाही. सॉल्ट अ‍ॅनालिसिसमध्ये नायट्रेट ओळखण्यासाठी ब्राऊन रिंग टेस्ट करतात. परीक्षानळीच्या कडेने संहत सल्फ्युरिक आम्ल हळूच सोडायचं, म्हणजे दोन थरांच्या सीमेवर तपकिरी कडं उमटतं. नळी जरा हलली की ते कडं विरून जातं. याचं नेहमी विरायचं, आणि एक दिवस तिने नळी तिरपी कशी धरायची ते दाखवलं. एवढाच काय तो प्रसंग. परवा मुलीचं जर्नल चाळताना त्याला ती टेस्ट दिसली, आणि रात्री त्याने हा मसुदा लिहिला: ‘हाय, ओळखलंस का? किती वर्षं झाली! तुझं प्रोफाइल बघितलं, अजिबात बदलली नाहीस. कधी सांगितलं नाही, पण कॉलेजात तू मला खूप आवडायचीस. सध्या कुठे असतेस? कधीतरी भेटूया का?’

या ओळींत वाईट हेतू कुठेही नाही, तरी जवळपास प्रत्येक वाक्य काहीतरी मागतं. पहिलं वाक्य परीक्षा घेतं. ‘प्रोफाइल बघितलं’ हे सांगतं की तिला नकळत कुणीतरी तिचे फोटो पाहत होतं. ‘अजिबात बदलली नाहीस’ ही लिहिणाऱ्याच्या लेखी स्तुती आहे, पण वाचणाऱ्याच्या लेखी ते तिच्या दिसण्याचं मोजमाप. ‘आवडायचीस’ या शब्दाला तर काहीतरी प्रतिसाद द्यावाच लागतो, आणि देण्याजोगा एकही साधा प्रतिसाद तिच्याकडे नाही. ‘थँक्यू’ म्हटलं तर कोरडं होतं, ‘मलाही’ खोटं होईल, ‘आता या गोष्टींना काय अर्थ’ म्हटलं तर त्याला लागेल. ‘कुठे असतेस’ म्हणजे पत्ता, ‘भेटूया का’ म्हणजे नकार द्यायला लावणारी थेट मागणी. आणि सगळ्यात मोठी उणीव म्हणजे जे नाहीच: आत्ताच का? पंचवीस वर्षं गप्प असलेला माणूस आज का बोलतो आहे, हा वाचणाऱ्याच्या मनातला पहिला प्रश्न असतो. निरोपाने त्याचं उत्तर दिलं नाही तर वाचणारी व्यक्ती ते स्वतः भरते. पैसे हवे असतील, विमा किंवा एखादी स्कीम विकायची असेल, संसार मोडला असेल, किंवा हा माणूस तो नसेलच आणि त्याच्या नावाने फसवणूक चालू असेल. अनोळखी नंबरवरून येणाऱ्या ठकबाजीच्या काळात या शंका घेण्यात तिचं काही चुकत नाही.

यावर मी सुचवेन तो निरोप असा: ‘नमस्कार. मी (पूर्ण नाव), बी.एस्सी. केमिस्ट्री, 2000 ची बॅच. प्रॅक्टिकलला तुझ्या शेजारच्या टेबलावर असायचो. माझी मुलगी यंदा बी.एस्सी.ला गेली. तिच्या जर्नलमध्ये ब्राऊन रिंग टेस्ट दिसली आणि आठवलं, माझं कडं दर वेळी मोडायचं आणि नळी कशी धरायची ते तू दाखवलं होतंस. तेव्हा आभार मानायचे राहून गेले, ते आज मानतो. तुझं सगळं छान चाललं असेल अशी आशा आहे.’ पन्नासेक शब्द. पूर्ण नाव, वर्ष आणि टेबल दिल्यामुळे ओळखण्याची जबाबदारी तिच्यावर पडत नाही. मुलगी आणि तिचं जर्नल यांतून ‘आत्ताच का’ याचं उत्तर मिळतं, ते खरंही आहे, आणि आपण संसारी आहोत हे वेगळं जाहीर न करता कळतं. आठवण अशी निवडली आहे की तिला ती आठवली तर हसू येईल, न आठवली तरी काही बिघडणार नाही. आणि संबंध निरोपात एकही प्रश्नचिन्ह नाही. पाठवण्याआधी एवढी एकच गोष्ट तपासली तरी निम्मं काम होतं. ‘उत्तर दिलं नाहीस तरी चालेल’ असं वाक्य मी मुद्दाम घातलेलं नाही. ते उदार वाटतं, पण उत्तराचा विषय तेच काढतं. ज्या निरोपात प्रश्न नाही त्याला ही सूट लिहून द्यावी लागत नाही.

निरोप वाचून पाहण्याची आणखी एक कसोटी आहे, आणि आपल्याकडच्या घरांत ती मला फार उपयोगी वाटते. फोन जेवणाच्या टेबलावर पडलेला असतो. निरोपाची पहिली ओळ पडद्यावर उमटते, ती नवरा, सासू, मुलगा कुणीही वाचतं. तर, तिच्या घरातल्या कुणी तो निरोप मोठ्याने वाचला तर तिला खुलासा द्यावा लागेल का? आणि त्याच्या बायकोने त्याच्या फोनमध्ये वाचला तर त्याला? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असेल तरच तो पाठवण्याजोगा. लिहिताना आपल्या कानात आपला सूर ऐकू येत असतो, तो वाचणाऱ्याला ऐकू येत नाही, हेही इथे लक्षात ठेवायला हवं. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांच्या 2005 च्या प्रयोगांत ईमेल लिहिणाऱ्यांना वाटलं की आपण उपरोधाने लिहिलं की गंभीरपणे, हे वाचणाऱ्याला 78 टक्के वेळा कळेल. प्रत्यक्षात ते 56 टक्के वेळा कळलं, म्हणजे नाणं उडवून सांगण्याहून थोडंसंच बरं. ‘काय मॅडम, मोठ्या झालात!’ यातली थट्टा लिहिणाऱ्याच्या खोलीतच राहते.

मराठीत आणखी दोन अडचणी आहेत. एक नावाची. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलतं, वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आणि काही घरांत तर लग्नात ताम्हनातल्या तांदळावर नवं नाव लिहून पहिलं नावही बदललेलं असतं. म्हणून शोधताना जुनं नाव उपयोगी पडतं, पण लिहिताना तिने आज स्वतःसाठी जे नाव ठेवलं आहे तेच वापरावं. माहेरच्या आडनावाने किंवा कॉलेजातल्या टोपणनावाने हाक मारणं म्हणजे ती तेव्हाची व्यक्ती अजून माझ्या हक्काची आहे असं सुचवणं. दुसरी अडचण ‘तू’ की ‘तुम्ही’ ही. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा प्रश्नच पडत नाही, म्हणून पुष्कळ जण तेवढ्यासाठी इंग्रजीत लिहितात, आणि निरोप ऑफिसच्या पत्रासारखा होतो. माझं मत असं की तेव्हा प्रत्यक्षात जे संबोधन होतं तेच ठेवावं. वर्गमित्राला पंचवीस वर्षांनी अचानक ‘आपण कशा आहात’ विचारणं हेही विचित्रच. पण एकमेकांशी अहो-जाहोने बोलायची त्या वेळची रीत असेल, जुन्या पिढीत ती होती, तर निरोपात एकतर्फी ‘तू’वर उतरू नये. ती ‘तू’ म्हणाली तर मग म्हणावं.

कोणत्या वाटेने पाठवावा, यालाही अर्थ आहे. हल्ली प्रत्येक बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतो आणि त्यात सगळ्यांचे नंबर दिसतात. नंबर दिसतो म्हणजे तो वापरायची परवानगी मिळाली असं होत नाही, तो तिने चाळीस जणांच्या घोळक्यासाठी दिलेला असतो. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर निळ्या खुणा आड येतात. तिने त्या बंद केल्या नसतील तर वाचल्याचं पाठवणाऱ्याला कळतं, आणि वाचूनही उत्तर न देणं हा उघड निर्णय होऊन बसतो. फेसबुक किंवा इन्स्टाग्रामवर ओळखीत नसलेल्याचा निरोप आधी विनंतीच्या वेगळ्या कप्प्यात जातो. तिथे तो स्वीकारेपर्यंत वाचल्याचं पाठवणाऱ्याला दिसत नाही, त्यामुळे तिला गप्प राहायला जास्त मोकळीक मिळते. तो कप्पा कित्येक जण महिनोन्‌महिने उघडत नाहीत हे खरं, पण या कामाला घाई नसते. फोन तर पहिल्याच खेपेला करूच नये. आवाजाने जवळीक जास्त वाटते हे अभ्यासांतही दिसलं आहे, पण वाजणारा फोन त्याच क्षणी उत्तर मागतो. समान मैत्रिणीकडून नंबर मागायचा असेल तर ‘तिला विचार आणि तिची हरकत नसेल तरच दे’ असं सांगावं. मग नकार तिला मैत्रिणीपाशी देता येतो, त्याला थेट द्यावा लागत नाही. ऑफिसच्या ईमेलवर किंवा लिंक्डइनवर लिहिणं मला पटत नाही. ती तिच्या नोकरीची जागा आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. मनात जुनी ओढ असताना जर्नल आणि परीक्षानळीच्या गोष्टी लिहिणं म्हणजे लबाडी नाही का? निरोप इतका घासूनपुसून, धोका काढून लिहिणं हे मोकळेपणाच्या उलट नाही का? मला वाटतं, दोन गोष्टींत फरक केला पाहिजे. तेव्हा काय वाटत होतं, आणि आज काय हवं आहे. तेव्हाची भावना न सांगणं ही लबाडी नाही, माणूस मनातलं सगळं प्रत्येकाला सांगायला बांधलेला नसतो. आजचा हेतू लपवणं ही लबाडी आहे. आपल्या उदाहरणातल्या गृहस्थाला खरोखर आभार मानायचे असतील, ती कशी आहे एवढंच जाणून घ्यायचं असेल, तर निरोप पूर्ण खरा आहे. त्याला मनातून दुसरंच काही हवं असेल आणि जर्नल हे निमित्त असेल, तर मात्र तोच निरोप खोटा ठरतो, शब्द तेच असले तरी. पुढच्या बोलण्यात ते बाहेर पडतंच. नॅन्सी कॅलिश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी नव्वदच्या दशकात जुन्या प्रेमाकडे परतलेल्या हजारभर लोकांची माहिती गोळा केली. ते लोक आपणहून पुढे आलेले होते, त्यामुळे त्यावरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही. पण पुढे अनेक वर्षं त्या एक इशारा देत राहिल्या: ज्यांचा संसार चालू आहे त्यांनी ‘नुसती चौकशी’ म्हणून पहिलं प्रेम शोधायला जाऊ नये, कारण त्यांना भेटलेल्या अनेकांची सुरुवात तशाच निरागस चौकशीने झाली होती. ज्याला हा निरोप आपल्या जोडीदाराला दाखवावासा वाटत नाही, त्याने तो दुसऱ्या कुणालाही पाठवू नये.

दुसरा आक्षेप हळवा आहे. आयुष्यभर मनात राहिलेली गोष्ट एकदा सांगून टाकली तर मन मोकळं होईल, यात गैर काय? गैर एवढंच की मन मोकळं होतं ते एकाचं, आणि ते ज्याच्या हातात येतं त्याने ते मागितलेलं नसतं. त्याला आता स्वतःची तीन वर्षं नव्याने आठवून पाहावी लागतात. तेव्हाची मदत, तेव्हाचं हसणं यांत काय काय होतं, असा संशय जुन्या सरळ आठवणींवर चढतो. ही गोष्ट कधीच सांगू नये असं मी म्हणत नाही. दोघं पुन्हा बोलू लागली, मैत्री जमली, आणि त्या मैत्रीत अशा गोष्टी हसत बोलण्याची जागा तयार झाली, तर ती सांगता येते. तेव्हा ती मागणी राहत नाही. आणि दोघंही एकटी असतील, त्याला आज खरंच पुढे जावंसं वाटत असेल, तर चार-सहा वेळा मनापासून बोलणं झाल्यावर त्याने ते साध्या शब्दांत विचारावं, महिनोन्‌महिने आडून आडून सुचवत बसू नये. पहिला निरोप मात्र त्याही वेळी जर्नलचाच असावा. कारण नकार देणं सोपं व्हायला आधी थोडी ओळख लागते, आणि पंचवीस वर्षांनंतर ती शून्यापासून सुरू होते.

मग उरतं गप्प राहणं. उत्तर आलं नाही तर काय? काहीच नाही. दुसरा निरोप नको, ‘मेसेज मिळाला का’ नको, दिवाळीला शुभेच्छांचं चित्र नको, बॅचच्या ग्रुपवर तिच्या प्रत्येक वाक्याला अंगठा नको. कायद्याची रेषा याच्या बरीच पुढे आहे. बाईने स्पष्ट अनिच्छा दाखवूनही तिच्याशी जवळीक साधायला वारंवार संपर्क करणं हा 2013 च्या दुरुस्तीनंतर दंडसंहितेच्या कलम 354-ड प्रमाणे गुन्हा झाला, आणि जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. पण सभ्यतेची रेषा पहिल्याच निरोपापाशी आहे. कायद्याला स्पष्ट नकार लागतो, सभ्य माणसाला शांतता पुरते. आणि त्या शांततेचा अर्थही त्याने लावत बसू नये. तिने कप्पा उघडला नसेल, घरात आजारपण असेल, किंवा निरोप वाचून तिला बरं वाटलं असेल आणि तेवढ्यावर तिने तो ठेवून दिला असेल. यातलं शेवटचं शक्य असणं हेच त्या निरोपाचं यश आहे, जरी ते त्याला कधी कळणार नसलं तरी.

उत्तर आलं तर ते वाचायची एक साधी रीत आहे. ‘अरे वा, छान वाटलं. मुलीला शुभेच्छा!’ हे प्रेमळ आहे, आणि ते दार हळूच लावून घेणारंही आहे. त्याला एका ओळीत ‘थँक्यू’ म्हणून थांबावं. उत्तरात उलटा प्रश्न असेल, मुलगी कुठल्या कॉलेजात आहे, आपले ते प्रॅक्टिकलचे सर आता कुठे असतात, तर तिला बोलायचं आहे. मग विचारलं तेवढ्याचं उत्तर द्यावं आणि आता एखादा प्रश्न आपणही विचारावा, तिने दोन ओळी लिहिल्या असतील तर तीनच्या पुढे जाऊ नये. प्रेमळपणाला ओढ समजू नये, ही सूचना पुरुषांना विशेष करून द्यावी लागते. अँटोनिया अ‍ॅबी यांनी 1982 मध्ये दाखवलं की बाईच्या साध्या मनमिळाऊ बोलण्यात पुरुषांना, बायकांना दिसतं त्याहून जास्त आकर्षण दिसतं, आणि नंतरच्या अभ्यासांतही हेच पुन्हा पुन्हा आढळलं आहे. पंचवीस वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला तर ते आणखीच दिसणार. तिने कदाचित असंही लिहिलं असेल की ब्राऊन रिंगचं काही आठवत नाही, पण तुझं पेन मी परीक्षेत घेतलं होतं आणि परत द्यायचं राहिलं. त्याला ते पेन मुळीच आठवत नसेल. त्याने जपून ठेवलेल्या वर्षात तिचीही एक वेगळी आठवण होती, आणि ती त्याला आज पहिल्यांदा कळते आहे.